सरासरी डगमगते तेव्हा

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातल्या एखाद्या विद्यार्थिनीचा छोटा प्रकल्प डोळ्यांसमोर आणा. तिचा प्रश्न असा: घरी राहून शिकणारी मुले, वसतिगृहात राहणारी मुले आणि भाड्याने खोली घेऊन राहणारी मुले यांच्या नैराश्याच्या लक्षणांत फरक असतो का? मोजायला तिने पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घेतली. तिच्यात नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण ० ते २७. प्रत्येक गटातून सात जण मिळाले. पुढचे आकडे मी समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण असल्या प्रकल्पांत साधारण अशीच माहिती हाती येते.

घरी राहणारे: ०, १, २, २, ३, ४, ११
वसतिगृहातले: २, ३, ५, ६, ७, ९, १९
खोली घेऊन राहणारे: ४, ६, ८, १०, १२, १४, २३

तिन्ही ओळींची ठेवण सारखीच आहे. बहुतेक गुण डावीकडे, लहान आकड्यांत गर्दी करून बसलेले, आणि शेवटी एखादाच आकडा दूर उजवीकडे गेलेला. यात योगायोग काही नाही. शून्याच्या खाली गुण जाऊच शकत नाहीत आणि महाविद्यालयात येणाऱ्या बहुसंख्य मुलांना थोडीच लक्षणे असतात, म्हणून खालच्या टोकाला दाटी होते. ज्या थोड्यांना जास्त त्रास आहे त्यांचे गुण वरच्या बाजूला लांब शेपटी तयार करतात. अशा मांडणीला संख्याशास्त्रात विषम वितरण म्हणतात, इथे उजवीकडे कललेले.

आता तुलना कशी करायची? तीन गटांच्या सरासऱ्या ताडून पाहण्याची परिचित पद्धत म्हणजे अनोव्हा. या माहितीत सरासऱ्या येतात ३.३, ७.३ आणि ११. अनोव्हा चालवला तर पी-मूल्य मिळते ०.०४६. खरोखर काही फरक नसता तर निव्वळ नशिबाने सरासऱ्यांत इतकी किंवा याहून जास्त तफावत दिसण्याची शक्यता शंभरात साडेचारच्या आसपास आहे, असा त्याचा अर्थ. ०.०५ ही रूढ सीमारेषा धरली तर फरक लक्षणीय ठरतो आणि विद्यार्थिनी समाधानाने प्रकरण लिहायला घेते.

पण एकच आकडा बदलून बघा. तिसऱ्या गटातल्या २३ गुणांच्या मुलाला २७ गुण मिळाले असते तर? बाकी वीस जण जसेच्या तसे. आधीच सर्वांत वरच्या गटातला सर्वांत वरचा मुलगा आणखी वर गेला, म्हणजे खोलीवाल्यांची सरासरी ११ वरून ११.६ झाली आणि घरच्यांपासूनचे अंतर वाढले. पुरावा भक्कम व्हायला हवा ना? प्रत्यक्षात पी-मूल्य ०.०४६ वरून ०.०५३ वर जाते, आणि कालचा लक्षणीय फरक आज लक्षणीय राहत नाही.

असे का होते हे समजून घेतले की पुढची निवड आपोआप कळते. अनोव्हा एक भागाकार करतो. अंशात असते गटागटांतली तफावत आणि छेदात गटांच्या आतली तफावत. २३ चे २७ केल्यावर अंश १०४ वरून १२० झाला, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांनी वाढला. पण छेद २८.४ वरून ३४.५ झाला, म्हणजे २१ टक्क्यांनी वाढला. तफावत मोजताना सरासरीपासूनच्या अंतराचा वर्ग केला जातो, त्यामुळे दूरचा एकच आकडा छेदाला प्रचंड फुगवतो. सात जणांच्या गटात त्याला सावरून धरायला इतर फारसे कोणी नसते. मोठ्या नमुन्यात, गटागणिक शंभरएक जण असते तर, ही डळमळ पुष्कळ कमी झाली असती. लहान नमुना आणि लांब शेपटी एकत्र आली की संशोधनाचा निष्कर्ष एका मुलाच्या चार गुणांवर टांगला जातो.

या मुलाबद्दल इथेच एक बोलले पाहिजे. पीएचक्यू-९ मध्ये २७ गुण म्हणजे नऊही प्रश्नांना वरचे उत्तर, आणि नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दल असतो. असे उत्तर आले तर त्या विद्यार्थ्यापर्यंत मदत कशी पोहोचवायची हे प्रश्नावली वाटण्याआधी ठरलेले असले पाहिजे. निनावी अर्ज भरून घेणाऱ्या प्रकल्पांत नेमके हेच राहून जाते. कसोटी कोणती लावायची हा प्रश्न त्यानंतरचा.

या अडचणीवरचा मार्ग अमेरिकेतल्या विल्यम क्रुस्कल आणि ॲलन वॉलिस या दोघांनी १९५२ मध्ये मांडला. दोनच गटांसाठी असा मार्ग फ्रँक विल्कॉक्सन यांनी १९४५ मध्ये आणि हेन्री मान व डोनाल्ड व्हिटनी यांनी १९४७ मध्ये दाखवला होता. क्रुस्कल-वॉलिस कसोटीने तो तीन किंवा अधिक गटांपर्यंत नेला. कल्पना अशी की आकडे बाजूला ठेवायचे आणि फक्त त्यांचे क्रमांक वापरायचे. शर्यतीत पहिला आलेला धावपटू दुसऱ्यापेक्षा एका सेकंदाने पुढे होता की दहा सेकंदांनी, हे विसरून फक्त कोण कितवा आला एवढे लिहून ठेवावे, तसे.

आपल्या माहितीवर हे हाताने करून पाहू, कारण एकदा स्वतः केल्याशिवाय ही कसोटी अंगवळणी पडत नाही. गट विसरून एकवीसही गुण चढत्या क्रमाने एका रांगेत मांडा. शून्याला क्रमांक १, एकला क्रमांक २. पुढे दोन गुण असलेले तिघे आहेत: दोन घरचे, एक वसतिगृहातला. त्यांच्या वाट्याचे क्रमांक ३, ४ आणि ५. समान गुणांना वेगवेगळे क्रमांक देणे अन्यायाचे, म्हणून तिघांनाही मधला ४ द्यायचा. तीन गुणांच्या दोघांना ६ आणि ७ ऐवजी साडेसहा-साडेसहा. असे करत गेले की ११ गुणांना क्रमांक १७ मिळतो, १९ गुणांना २० आणि २३ गुणांना २१. आता गट आठवा आणि प्रत्येक गटाच्या क्रमांकांची बेरीज करा. घरचे: ४३. वसतिगृह: ८०. खोली: १०८. तिन्ही मिळून २३१, म्हणजे १ ते २१ ची बेरीज. हा ताळा जुळला नाही तर क्रमांक देताना कुठेतरी चूक झाली आहे.

तिन्ही गट सारखेच असते तर प्रत्येक गटाचा सरासरी क्रमांक ११ च्या आसपास आला असता. इथे तो ६.१, ११.४ आणि १५.४ आहे. या तिघांचे ११ पासूनचे विचलन एका आकड्यात गोळा करणारे सूत्र असे:

```
H = 12/(N(N+1)) × Σ(R²/n) − 3(N+1)
```

यात N म्हणजे एकूण माणसे, R म्हणजे गटाच्या क्रमांकांची बेरीज आणि n म्हणजे गटातली माणसे. आपले आकडे घातले की H येतो ७.८९. समान गुणांसाठीची छोटी दुरुस्ती केल्यावर तो ७.९२ होतो. समान गुण थोडेच असल्यामुळे इथे फरक नगण्य आहे. पण पाच पायऱ्यांच्या एकाच प्रश्नावर साऱ्यांची उत्तरे घेतली असती तर ही दुरुस्ती मोठी ठरली असती. सॉफ्टवेअर ती स्वतःहून करते.

७.९२ मोठा की लहान? खरोखर फरक नसेल तर हे एकवीस क्रमांक तीन गटांत कसेही वाटले गेले असते. सात-सातचे तीन वाटे करण्याचे जवळजवळ ४० कोटी मार्ग आहेत. त्यांतल्या किती वाटपांत H इतका किंवा याहून मोठा येतो, हे मोजले की पी-मूल्य मिळते. सगळी वाटपे मोजण्याऐवजी काय-वर्ग वितरणाचा आधार घेतात. तीन गटांसाठी ०.०५ ची सीमा ५.९९ आहे. आपला ७.९२ तिच्या बराच पुढे आहे आणि पी-मूल्य येते ०.०१९. आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे काम तीन ओळींचे:

```
guna <- c(0,1,2,2,3,4,11, 2,3,5,6,7,9,19, 4,6,8,10,12,14,23)
gat <- factor(rep(c("ghar","vasatigruha","kholi"), each=7))
kruskal.test(guna, gat)
```

आता २३ च्या जागी २७ लिहून पुन्हा चालवा. तो मुलगा आधीही एकविसावा होता, आताही एकविसावाच आहे. H तोच, पी-मूल्य तेच. निष्कर्ष एका टोकाच्या आकड्यावर झुलत नाही, आणि लहान, कललेल्या माहितीसाठी ही कसोटी निवडण्याचे माझ्या मते हेच सर्वांत मोठे कारण आहे. गुण कोणत्या वितरणातून आले याबद्दल तिला काहीच गृहीत धरावे लागत नाही, म्हणून तिला अप्राचलिक किंवा नॉनपॅरामेट्रिक म्हणतात.

मात्र ती कशाचे उत्तर देते, याबद्दल प्रबंधांत सर्रास गफलत होते. 'क्रुस्कल-वॉलिस ही मध्यकांची तुलना करते' असे वाक्य शेकडो ठिकाणी लिहिलेले आढळते. आपल्या गटांचे मध्यक २, ६ आणि १० आहेत आणि ते जरूर द्यावेत. पण कसोटीने मध्यक पाहिलेलेच नाहीत. तिने पाहिले ते एवढेच की एका गटातली माणसे रांगेत दुसऱ्या गटातल्या माणसांच्या पुढे उभी राहण्याकडे झुकतात का. तिन्ही वितरणांचा आकार आणि पसारा सारखा असेल, फक्त ती एकमेकांपासून सरकलेली असतील, तरच या निष्कर्षाला मध्यकांतला फरक म्हणता येते. दोन गटांचे मध्यक तंतोतंत सारखे असूनही एका गटाची शेपटी लांब असल्यामुळे कसोटी फरक दाखवू शकते. म्हणून निष्कर्ष लिहिण्याआधी तिन्ही गटांचे बिंदूआलेख शेजारी शेजारी काढावेत. सात-सात बिंदू कागदावरही काढता येतात.

तिने पाहिलेली गोष्ट वाचकाला थेट सांगण्याचा एक सोपा मार्ग आहे, आणि तो फारच कमी वापरला जातो याची मला खंत वाटते. घरी राहणारा एक आणि खोलीवाला एक अशा सगळ्या जोड्या लावा: सात गुणिले सात, ४९ जोड्या. त्यांतल्या ४४ जोड्यांत खोलीवाल्याचे गुण जास्त आहेत, एका जोडीत समान. समान जोडीला अर्धी धरली तर ४९ पैकी ४४.५, म्हणजे ९१ टक्के. दोन मुले चिठ्ठी टाकून निवडली तर खोलीवाल्याला जास्त लक्षणे असण्याची शक्यता या नमुन्यात ९१ टक्के आहे. H समजला नाही तरी हे वाक्य कोणालाही समजते.

०.०१९ हे पी-मूल्य तिन्ही गट एकसारखे नाहीत एवढेच सांगते. कोण कोणापासून वेगळा, हे त्यात नाही. इथे बरेच जण सोयीचा रस्ता धरतात: दोन-दोन गट घेऊन तीनदा मान-व्हिटनी चालवतात आणि जिथे ०.०५ च्या खाली उत्तर येईल तिथे तारका लावतात. तीनदा नशीब अजमावले की फसवा फरक सापडण्याचा धोका ५ टक्क्यांवरून वाढत १४ टक्क्यांच्या घरात जातो. शिवाय प्रत्येक जोडीसाठी क्रमांक नव्याने दिले जातात, त्यामुळे मूळ कसोटीत जी रांग लावली होती ती मोडते.

ऑलिव्ह जीन डन यांनी १९६४ मध्ये दिलेली पद्धत मूळ रांग कायम ठेवते. सरासरी क्रमांकांतला फरक घ्यायचा आणि त्याला त्याच्या प्रमाण त्रुटीने भागायचे. आपल्या माहितीत प्रत्येक जोडीसाठी ही त्रुटी ३.३१ येते. घर आणि खोली यांच्यातला फरक ९.२९ क्रमांकांचा, म्हणजे त्रुटीच्या २.८१ पट, पी-मूल्य ०.००५. घर आणि वसतिगृह: ५.२९, म्हणजे १.६० पट, ०.११. वसतिगृह आणि खोली: ४, म्हणजे १.२१ पट; ०.२३. तीन तुलना केल्या म्हणून बॉनफेरोनी दुरुस्ती लावून प्रत्येक पी-मूल्याला तीनने गुणले, तर पहिले ०.०१५ होते आणि तेवढेच टिकते.

निष्कर्ष पहिल्या वाचनात विचित्र वाटतो. घर आणि खोली वेगळे, पण वसतिगृह दोघांपासूनही वेगळे नाही? वसतिगृह दोघांसारखेच आहे, असा याचा अर्थ नव्हे. मधला गट इतका मधे आहे की सात-सात जणांच्या पुराव्यावर तो कोणत्या बाजूला हे ठरवता येत नाही, एवढाच अर्थ. 'फरक आढळला नाही' या वाक्याचे 'फरक नाही' असे वाक्य करून टाकणे ही लहान प्रकल्पांतली सर्वांत महाग चूक आहे, कारण पुढचा संशोधक तेच प्रमाण मानून पुढे जातो.

डन यांची कसोटी चालवताना सॉफ्टवेअरचा एक काटा पायात रुततो. आरमधले dunn.test हे पॅकेज एका बाजूचे पी-मूल्य छापते, म्हणजे वर दिलेल्या आकड्यांच्या निम्मे, ते ०.०५ शी नव्हे तर ०.०२५ शी ताडायचे असते. FSA या पॅकेजमधले dunnTest दोन्ही बाजूंचे मूल्य देते. एसपीएसएसमध्ये जोड्यांच्या तक्त्यात दोन रकाने असतात. वाचायचा तो 'Adj. Sig.' असे लिहिलेला. दोन मैत्रिणींचे एकाच माहितीवर वेगळे उत्तर आले तर आधी हे तपासावे.

क्रुस्कल-वॉलिस निवडायची की नाही, हे कशावर ठरवावे? अनेक मार्गदर्शक सांगतात की आधी शापिरो-विल्क कसोटी लावा; माहिती प्रसामान्य नाही असे निघाले तर अप्राचलिक कसोटी घ्या. मला हा नियम लहान नमुन्यासाठी उलटा वाटतो. सात आकड्यांत शापिरो-विल्कची नजर अधू असते आणि बरीच विषम माहितीही ती सुखाने पार होऊ देते. नेमकी जिथे गरज जास्त, तिथेच तिचा पहारा सैल. त्यापेक्षा मोजमापाचा स्वभाव पाहावा: गुणांना खाली तळ आहे का, पूर्वीच्या अभ्यासांत ते एका टोकाला गोळा झालेले दिसतात का. पीएचक्यू-९ बद्दल हे माहिती गोळा करण्याआधीच ठाऊक असते, तेव्हा कसोटीही प्रस्तावातच लिहून टाकावी. दोन्ही चालवून ज्याचे पी-मूल्य आवडेल ते ठेवणे मग आपोआप टळते.

क्रमांकांच्या वाटेने जाऊनही जे सुधारत नाही ते म्हणजे स्वातंत्र्याचा अभाव. वसतिगृहातले सात जण दोनच खोल्यांतून घेतले असतील, तर एकमेकांच्या सहवासात त्यांची मनःस्थितीही एकमेकांसारखी होते, आणि सात माणसांचा पुरावा प्रत्यक्षात दोन-तीन माणसांइतकाच उरतो. कसोटीला हे कळत नाही. ती निमूटपणे लहान पी-मूल्य देते. वेगवेगळ्या मजल्यांवरून, वेगवेगळ्या वर्गांतून मुले निवडणे एवढाच उपाय आहे, आणि तो आधी करायचा असतो. त्याच मुलांचे गुण सत्राच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी घेतले असते तर ते तीन स्वतंत्र गट नसतेच. तिथे मिल्टन फ्रीडमन यांची १९३७ ची कसोटी लागते. हे तेच फ्रीडमन, ज्यांना पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. घर, वसतिगृह, खोली या क्रमाने लक्षणे वाढत जातील असा अंदाज आधीच लिहिलेला असता, तर योंकहेरे-टर्पस्ट्रा कसोटी त्याच माहितीतून जास्त जोराचे उत्तर देऊ शकली असती. आकडे पाहून मग क्रम सुचला असेल तर मात्र ती वाट बंद.

आणि गट किती लहान चालेल? गटात पाच किंवा अधिक जण असले तर काय-वर्गाचा आधार पुरतो, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. त्याखाली सगळी वाटपे मोजून काढलेले अचूक पी-मूल्य घ्यावे. दोन-दोन जणांचे तीन गट असतील तर सहा क्रमांक वाटण्याचे एकूण ९० मार्ग, आणि तिन्ही गट एकमेकांपासून पूर्ण सुटे पडतील असे फक्त ६. म्हणजे माहिती कितीही अनुकूल निघाली तरी पी-मूल्य ९० पैकी ६, ०.०६७ च्या खाली जाऊच शकत नाही. अशा प्रकल्पात ०.०५ ची रेषा ओलांडण्याची आशा पहिल्या दिवसापासूनच नसते. तीन-तीन जण घेतले तर मार्ग १६८० होतात आणि तळ ०.००३६ पर्यंत उतरतो. पण तेथेही फक्त खूप ठळक फरकच सापडतो.

आपल्या विद्यार्थिनीच्या प्रबंधात शेवटी हा परिच्छेद पुरेसा आहे: 'तीन गटांच्या गुणांत फरक आढळला (क्रुस्कल-वॉलिस H = ७.९२, स्वातंत्र्य मात्रा २, पी = ०.०१९). मध्यक अनुक्रमे २, ६ आणि १०. डन यांच्या कसोटीनुसार, बॉनफेरोनी दुरुस्तीनंतर, खोली घेऊन राहणाऱ्यांचे गुण घरी राहणाऱ्यांपेक्षा जास्त होते (पी = ०.०१५, ४९ पैकी ४४.५ जोड्या). वसतिगृहाच्या दोन्ही तुलनांबाबत निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही.' आणि त्याखाली एकवीसही गुण जसेच्या तसे छापावेत. जागा तीन ओळींची लागते, आणि ज्याला शंका येईल त्याला सगळे गणित पुन्हा करून पाहता येते.